एक किलोमीटर कुणी ठरवायचा?

प्रश्न : आमच्या गावात झेडपीची शाळा आहे आणि बाजारपेठेच्या बाजूला एक खासगी इंग्रजी माध्यमाची. २०२४ मध्ये बहिणीच्या मुलाचा पंचवीस टक्क्यांचा अर्ज भरायला बसलो, तर यादीत ती खासगी शाळाच नव्हती. ‘नवा नियम आलाय’ एवढंच कळलं. नंतर कोर्टानं तो नियम रद्द केला. कायदा संसदेनं केलेला, मग त्यात नियम घालायचा अधिकार मंत्रालयाला कुणी दिला? आणि दिला असेल, तर कोर्टानं तो नियम रद्द कसा केला?
— एक वाचक, सरळगाव, ता. मुरबाड

उत्तर : अधिकार संसदेनंच दिला. तो कुठवर दिला होता, यावरूनच कोर्टात निकाल लागला. दोन्ही गोष्टी समजून घ्यायला ‘विहित’ या शब्दापासून सुरुवात करू. ‘विहित नमुन्यात अर्ज करावा’ हे तुम्ही तहसील कचेरीत वाचलं असेल. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ नेमका आहे: या कायद्याखाली केलेल्या नियमांनी ठरवून दिलेलं. एखाद्या कलमात हा शब्द आला, की तेवढी जागा विधिमंडळानं मोकळी ठेवली आणि ती भरायचं काम सरकारवर सोपवलं, असं समजायचं. यालाच प्रदत्त विधान किंवा दुय्यम विधान म्हणतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं कलम ६ सांगतं, की सरकारनं आणि स्थानिक प्राधिकरणानं मुलांच्या ‘नजीकच्या परिसरात’ शाळा काढली पाहिजे, आणि हा परिसर म्हणजे नियमांनी विहित केलेली हद्द. संसदेनं इथं आकडा घातला नाही. तो का घातला नाही, हे शहापूर तालुक्यात फिरलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. आसनगाव स्टेशनाजवळचा एक किलोमीटर म्हणजे सपाट डांबरी रस्ता. डोळखांबकडच्या एखाद्या पाड्यावरचा एक किलोमीटर म्हणजे मधे उतार, ओढा, आणि आषाढात तोच ओढा भरून वाहताना सहा वर्षांच्या पोरानं ओलांडायचं पाणी. भातसा धरणाच्या फुगवट्याकाठी तर समोर दिसणारी शाळा चालत गाठायला बराच वळसा पडतो. दिल्लीत बसून अख्ख्या देशासाठी एकच अंतर कायद्यात कोरून ठेवलं असतं, तर ते कुठे ना कुठे चुकलंच असतं. पुन्हा ते बदलायला दरवेळी दुरुस्ती विधेयक आणावं लागलं असतं.

म्हणून आकडा नियमांत आला. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी चालत एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असं अंतर ठरलं. पूर, दरड, रस्ता नसणं अशा जागी हे अंतर कमी करून मुलांचा धोका टाळावा, असंही त्यात लिहिलं. महाराष्ट्रानं आपले नियम २०११ मध्ये केले, त्यांतही एक आणि तीन किलोमीटरच आले. नियम करण्याचा हा अधिकार कलम ३८ मध्ये आहे आणि कलम त्याची मर्यादाही सांगतं: नियम ‘या कायद्याच्या तरतुदी अंमलात आणण्यासाठी’ करायचे. म्हणजे कायद्यानं जे करायला सांगितलं, ते कसं करायचं हे नियमानं ठरवायचं. ते करायचं की नाही, हा प्रश्न नियमाच्या हातात येत नाही.

आता तुमचा पंचवीस टक्क्यांचा भाग. तो कलम १२ च्या पोटकलम (१) च्या खंड (ग) मध्ये आहे. विनाअनुदानित खासगी शाळेनं पहिलीच्या वर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा नजीकच्या परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकवायचं, असं तिथं आहे. इथं ‘कुणाला सूट द्यायची ते विहित करावं’ अशी मोकळी जागा संसदेनं ठेवलेली नाही. नियमांवर सोडला आहे तो पुढचा, पैशाचा भाग: अशा मुलामागे शाळेला सरकारनं किती द्यायचं हे कलमानं सांगितलं आणि कोणत्या रीतीनं द्यायचं ते विहित करायला ठेवलं. ही प्रतिपूर्ती थकते, अशी खासगी शाळांची जुनी तक्रार आहे आणि ती मला खरी वाटते.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढून २०११ च्या नियमांत एक परंतुक जोडलं. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, ती पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशासाठी धरायची नाही. परिणाम काय झाला, ते आपल्याच दोन तालुक्यांवरून बघा. झेडपीची शाळा जवळपास प्रत्येक गावात. खासगी शाळा निघते ती मुरबाड, सरळगाव, शहापूर, किन्हवली, खर्डी अशा बाजाराच्या किंवा रस्त्यावरच्या गावी, म्हणजे जिथं सरकारी किंवा अनुदानित शाळा आधीपासून आहे तिथंच. त्यामुळे अपवाद म्हणून लिहिलेल्या वाक्यानं मूळ कलमच जवळजवळ संपलं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे, की अंतर तेच वापरलं. सरकारनं शाळा मुलाच्या जवळ न्यावी म्हणून नियमांत आलेला एक किलोमीटर, मुलाला दुसऱ्या शाळेच्या दारातून परत पाठवण्यासाठी वापरला गेला.

पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी न्यायालयानं अधिसूचनेला स्थगिती दिली. खासगी शाळा पुन्हा यादीत आल्या आणि पालकांकडून नव्यानं अर्ज मागवले गेले. १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठानं ते परंतुक रद्द केलं. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की शिक्षण देण्याची पहिली जबाबदारी सरकारची, ती पार पाडणारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळेवर भार कशाला? न्यायालयानं कलमाचे शब्द पाहिले. खासगी शाळेचं बंधन शेजारी सरकारी शाळा आहे की नाही यावर अवलंबून आहे, असं कलम १२ कुठेही म्हणत नाही. मग जी अट संसदेनं घातली नाही, ती नियमानं घालता येत नाही. परंतुक मूळ कायद्याच्या कलम १२ च्या आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१-क च्या विरुद्ध ठरलं, म्हणून शून्य. शाळाचालकांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते ९ ऑगस्टला फेटाळलं गेलं.

यावरून ‘सरकारचा नियम आवडला नाही की कोर्टात जायचं आणि तो उडवायचा’ असं समजू नका. नियमाकडे न्यायालय आधी तो वैध आहे असं धरूनच बघतं आणि तो चुकीचा आहे हे दाखवण्याचं ओझं आव्हान देणाऱ्यावर असतं. याचं आपल्याच राज्यातलं मोठं उदाहरण दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांचं आहे. आपल्या शिक्षण मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत गुणांची बेरीज तपासून मिळण्याची सोय होती, पण उत्तरपत्रिका स्वतः पाहण्याची किंवा पुन्हा तपासून घेण्याची नव्हती. मुंबई उच्च न्यायालयानं तो विनियम अवाजवी म्हणून रद्द केला. १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार शेठ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला. त्या निकालातला विचार आजही वापरला जातो: विनियम दिलेल्या अधिकाराच्या आत आहे का, मूळ कायद्याशी विसंगत आहे का, मूलभूत हक्क तोडतो का, एवढं न्यायालयानं पाहायचं. धोरण शहाणपणाचं आहे की नाही, याहून चांगलं काही करता आलं असतं का, हे ठरवणं मंडळाचं काम.

त्या विद्यार्थ्यांचं गाऱ्हाणं मला आजही रास्त वाटतं. पण ते सुटलं ते दुसऱ्या वाटेनं. संसदेनं २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची उत्तरपत्रिका ही त्या कायद्याखाली मागता येणारी माहिती आहे असं ठरवलं, आणि आज आपलं मंडळ छायाप्रत देतं. दोन प्रकरणांतला फरक यातच आहे. उत्तरपत्रिकेच्या वेळी मंडळाच्या विनियमाच्या आड येईल असं काही मूळ कायद्यात लिहिलेलं नव्हतं. पंचवीस टक्क्यांच्या वेळी ते शब्दांत लिहिलेलं होतं.

कोर्टाआधी विधिमंडळाचा स्वतःचा एक पहारा असतो. केलेले नियम सभागृहापुढे ठेवावे लागतात, आणि दिलेल्या अधिकाराबाहेर सरकार गेलं का, हे पाहायला महाराष्ट्र विधिमंडळाची उपविधान समिती आहे. पण सभागृहाच्या पटलावर ठेवलेल्या अधिसूचनांवर चर्चा क्वचितच होते, म्हणून शेवटी भार न्यायालयावर येतो आणि त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. २०२४ मध्ये सोडत जूनमध्ये निघाली, पण निवडयादी निकालासाठी अडून राहिली. शाळा तोवर भरल्या होत्या.

तुम्हाला पुन्हा कुणी ‘नवा नियम आलाय’ म्हणालं, तर कागद मागा. नियम असेल तर तो महाराष्ट्र शासन राजपत्रात छापलेला असतो आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात अमुक कायद्याच्या अमुक कलमानं ‘प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून’ असे शब्द असतात. ते कलम काढा आणि नियमात जे लिहिलंय ते ठरवायला तिथं सांगितलं आहे का, ते वाचा. कागदावर नुसतं ‘शासन निर्णय’ असेल, तर तो जीआर आहे. त्यानं कायदाही बदलत नाही आणि राजपत्रातला नियमही नाही. नियम कायद्याबाहेर गेलाय असं दिसलं, तर तहसीलदार, गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे अर्ज करून तो रद्द होणार नाही. त्यांना तो पाळावाच लागतो. घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका उच्च न्यायालयात करावी लागते आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो. याचिका प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी करा, कारण स्थगिती वेळेवर मिळाली तरच त्या वर्षीच्या मुलाला उपयोग होतो.