विहिरीला पाणी पाजा, गाळ नको

चैत्र महिना होता. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावात सभा भरली होती. गावातल्या बहुतेक विहिरींनी तळ गाठला होता. पाणी समितीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. आबा स्वतः शेतकरी आहेत. त्यांचे भाषण पुढे दिले आहे.

मंडळी, राम राम. आयाबायांनो, तुम्हांलाही राम राम.

आज मी तुम्हांला खड्डा खणायला सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो. ती ऐकलीत, म्हणजे खड्डा कशाला, ते आपोआप कळेल.

चार वर्षांमागची गोष्ट. माझ्या विहिरीशेजारून ओहोळ वाहतो, तुम्ही पाहिलाच आहे. पावसात तो दोन्ही काठ भरून जातो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा. मला वाटलं, हे पाणी फुकट का दवडावं? मी ओहोळापासून विहिरीपर्यंत एक चारी खणली आणि पाणी सरळ विहिरीत सोडलं. तासाभरात विहीर निम्मी भरली. मी तर नारळ फोडला!

पण ते पाणी चहासारखं लाल होतं. शिवारातली माती घेऊन आलं होतं. पाऊसभर असंच चाललं. फाल्गुनात विहीर उपसली, तर तळाशी गुडघाभर गाळ. जे झरे बोटासारखे वाहायचे, ते गाळानं बुजले होते. वर चारीच्या पाण्यानं विहिरीच्या बांधकामाचे दगडही ढासळले. गाळ काढायला पदरचे पैसे गेले. आणि त्या उन्हाळ्यात माझी विहीर सगळ्यांच्या आधी आटली.

असं का झालं? आपली जमीन कशी आहे, बघा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली चिरा पडलेला खडक आणि तळाला काळा पाषाण. पाषाणात पाणी मावत नाही. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या चिरांत. विहिरीतलं पाणी ह्याच चिरांतून आत जातं आणि ह्याच चिरांतून बाहेर येतं. चिरा म्हणजे विहिरीच्या नाकपुड्या. मी माझ्या हातानं त्यांत चिखल भरला.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. विहिरीला पाणी द्यायचं, पण गाळ द्यायचा नाही. खड्डे खणायचे ते एवढ्याचसाठी.

खड्डे दोन लागतात. पहिला गाळाचा, दुसरा गाळणीचा.

गाळाचा खड्डा ओहोळाच्या बाजूला घ्या. 5 फूट लांब, 3 फूट रुंद, 3 फूट खोल. चारीचं पाणी आधी ह्यात पडेल. धावतं पाणी इथं दम खातं आणि जड माती तळाला बसते. ह्या खड्ड्यातून पाणी बाहेर काढायचं ते वरच्या अंगानं, तळातून नव्हे. दूध तापवल्यावर साय वरूनच काढतो ना, तसं वरचं निवळ पाणी पुढं गेलं पाहिजे.

गाळणीचा खड्डा 6 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 6 फूट खोल. तो विहिरीच्या काठापासून 8 ते 10 फूट लांब ठेवा. फार जवळ खणलात तर विहिरीची कड खचेल. खड्ड्याच्या तळापासून विहिरीपर्यंत 4 इंची पाइप टाका. पाइपाला विहिरीकडं उतार हवा. खड्ड्यातल्या टोकाला भोकं पाडा आणि त्यावर जाळी गुंडाळा. दुसरं टोक विहिरीच्या भिंतीपुढं दीड फूट आलं पाहिजे. तसं केलं म्हणजे धार भिंतीवर पडत नाही, पाण्यात पडते. पाइपाभोवतीची माती धुम्मस करून घट्ट दाबा. ती पोकळ राहिली, तर पाणी पाइपातून न जाता बाहेरून वाट काढतं आणि बांधकाम पाडतं.

आता खड्डा भरायचा. तळाला नारळाएवढे दगड, दीड फूट. त्यावर खडी, एक फूट. त्यावर जाळी अंथरून धुतलेली जाड वाळू, दीड फूट. वरचे 2 फूट मोकळे सोडा, तिथं पाणी थांबेल. हा क्रम उलटा करू नका. वाळू खाली गेली, तर ती पाइपात शिरेल आणि पाइप बंद पडेल.

फार मोठा पाऊस आला, तर सगळं पाणी खड्ड्यात मावणार नाही. जादा पाणी ओहोळात परत जाईल असा सांडवा ठेवा. खड्ड्यांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. लेकरं आणि शेरडं तिकडं जायला नकोत.

मी गाळ काढला, बांधकाम नीट केलं आणि मागच्या वर्षी असे खड्डे केले. किती पाणी आलं, ते मी मोजलं. पाऊस पडत असताना 15 लिटरची बादली दोरीनं पाइपाच्या तोंडाखाली धरली. ती 6 सेकंदांत भरली. हिशेब केला, तर तासाला 9,000 लिटर झाले. माझी विहीर 20 फूट रुंद आहे. तिच्यात एक फूट पाणी चढायला साधारण 9,000 लिटरच लागतात. म्हणजे पाइप तासभर चालला, की विहिरीला फूटभर पाणी मिळालं.

साऱ्या पावसाळ्यात माझा पाइप सुमारे 30 तास चालला. 30 तासांचे झाले 2 लाख 70 हजार लिटर. आकडा मोठा वाटतो, पण हुरळून जाऊ नका. एक एकर रानाला दोन इंच पाणी द्यायला 2 लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकराचं एक भरणं आणि वर थोडं. एवढ्यावर ऊस होणार नाही. पण ज्वारी पोटरीत असते तेव्हा एका पाण्यावर पीक तरतं, हे तुम्हांला मी सांगायला नको.

(इथे मागे बसलेल्या एका बाई उठून म्हणाल्या, “आबा, एक इचारू का? खड्डा खणायचा आम्ही, पैसा घालायचा आम्ही, आन् पाणी झिरपून शेजारच्या हिरीत गेलं तर?”)

वहिनी, चांगलं विचारलंत. जाईल. नक्की जाईल. माझंही गेलं. पावसाळ्यानंतर माझ्या विहिरीची पातळी हळूहळू उतरली आणि खालच्या अंगाच्या विहिरीची टिकून राहिली. जमिनीवर आपण बांध घालतो, जमिनीखाली बांध नसतो. खडकाच्या चिरा सात-बारा वाचत नाहीत.

म्हणून एकट्यानं खड्डा करून भागत नाही. एका ओहोळावरच्या सगळ्यांनी केला पाहिजे. वरच्याचं पाणी खालच्याला जाईल, पण खालची विहीर भरलेली असली, म्हणजे वरच्याचं पाणीही लवकर ओसरत नाही. आणि दुसरं सांगतो, ते कोणाला कडू लागेल. पाइपानं तासभरात दिलेलं पाणी 3 अश्वशक्तीची मोटार वीस-पंचवीस मिनिटांत ओढते. चौदा जणांनी खड्डे केले आणि एकानं रात्रंदिवस मोटार चालवली, तर चौदांचे कष्ट मातीत गेले. तेव्हा कोणी कोणतं पीक घ्यायचं आणि किती उपसा करायचा, हे आपण दिवाळीआधी विहिरींची पातळी मोजून सभेतच ठरवू.

खड्डा कुठं करू नये, तेही ऐका. प्यायच्या पाण्याच्या विहिरीत शेतातलं पाणी कधीही सोडू नका. शेतात खत असतं, औषध फवारलेलं असतं. वाळू गाळ अडवते, विष अडवत नाही. गोठ्याकडून, उकिरड्याकडून येणारं पाणी तर कोणत्याच विहिरीला नको. आणि जी विहीर श्रावणातच आपोआप काठोकाठ भरते, तिला खड्ड्याचा उपयोग नाही. भरल्या घागरीत आणखी पाणी कुठं मावणार?

पहिले एक-दोन पाऊस चारीच्या तोंडाशी फळी लावून पाणी बाहेर जाऊ द्या. नांगरट ताजी असते, त्या पाण्यात माती फार असते. मग फळी काढा.

खड्डा बिघडला, हे दोन खुणांवरून कळतं. पाऊस थांबून रात्र उलटली आणि तरी खड्ड्यात पाणी साचून आहे, तर वाळूवर चिखलाची खपली धरली. वरची दोन-तीन इंच वाळू खरवडून काढा, धुऊन परत घाला. दुसरी खूण उलटी. खड्ड्यातलं पाणी झटकन उतरतं आणि पाइपातून गढूळ धार येते, तर पाणी वाळू चुकवून जातंय. लगेच चारी बंद करा आणि वाट शोधून बुजवा. गाळाचा खड्डा तर दर मोठ्या पावसानंतर रिकामा करायचा. तो गाळ रानात टाका, तो तुमच्याच रानातला आहे.

खणायला आपले हात आहेत. दगड शिवारात आहेत. पाइप, जाळी, खडी आणि वाळू ह्यांना पैसे लागतील. त्याची यादी समिती करील. रोहिण्या निघायला अजून वेळ आहे. ह्या आठवड्यात ओहोळावरच्या चौदा विहिरी आपण एकत्र फिरून बघू. सुरुवात माझ्यापासून करू. माझा चांगला खड्डाही बघा आणि ढासळलेल्या दगडांची खूणही बघा.

राम राम.

आबा खाली बसले. प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणाल्या, “माझी हीर तिसरी. माझं नाव लिवा.” समितीच्या चिटणिसांनी वही उघडली.

नवे शब्द

चारी – पाणी नेण्यासाठी खणलेला लहान पाट.
सांडवा – जादा पाणी बाहेर जाण्याची वाट.
धुम्मस – माती ठोकून घट्ट करण्याचे साधन.
उपसा – विहिरीतून पाणी बाहेर काढणे.
पोटरी – कणीस बाहेर पडण्याआधीची ज्वारीची अवस्था.

प्रश्न

1. आबांची विहीर सगळ्यांच्या आधी का आटली?
2. गाळाच्या खड्ड्यातून पाणी वरच्या अंगानेच का काढायचे?
3. गाळणीच्या खड्ड्यात तळापासून वरपर्यंत कोणकोणते थर असतात?
4. कोणत्या विहिरीत शेतातले पाणी सोडू नये? का?
5. दोरीला एकेक फुटावर गाठी मारा. ती आपल्या विहिरीत सोडून पाणी किती खोल आहे ते मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा.