डब्यातला एक लाडू

अड्याळ

चि. भाचीस,

दुसरीच्या वर्गासाठी तू लिहिलेली हरवलेल्या डब्याची गोष्ट वाचली. तुझ्या गोष्टीत खोटं बोलणाऱ्या मुलाला शेवटी शिक्षा होते. तेवढं बदल. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘खेळणं लपून पाहिलंस का?’ असं विचारण्याआधी मुलांना एक गोष्ट ऐकवली होती. ‘लांडगा आला रे आला’ ऐकून खोटं बोलणं कमी झालं नाही. झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी मात्र जास्त वेळा खरं सांगितलं. शिक्षेच्या गोष्टीतून मूल शिक्षेची भीती तेवढी घेतं, आणि भ्यालेलं मूल लपवतं. म्हणून मी अशी लिहिली असती:

मधल्या सुट्टीत रमाला हापशीजवळ एक निळा डबा दिसला. तिने झाकण उघडलं. आत दोन लाडू होते. तिने एक खाल्ला.

तेवढ्यात समीर रडत आला. “माझा डबा हरवला!”

रमाने डबा पाठीमागे लपवला. तिला कसंतरी वाटलं. मग तिने डबा पुढे केला.

“हा घे. यातला एक लाडू मी खाल्ला.”

बाई जवळच होत्या. त्या म्हणाल्या, “रमा, लाडू तुझा नव्हता. पण तू खरं सांगितलंस, याचा मला आनंद झाला.”

दुसऱ्या दिवशी रमाने घरून लाडू आणला. समीरने तो मोडून अर्धा तिला दिला.

मग हे प्रश्न विचार:

१. डबा कुठे सापडला? त्यात किती लाडू होते?
२. डबा लपवताना रमाला काय वाटलं असेल?
३. रमाने नुसता डबा दिला असता आणि लाडवाचं सांगितलं नसतं, तर चाललं असतं का?
४. झाकण उघडण्याआधी तिला काय करता आलं असतं?

‘खोटं बोलावं का?’ असं विचारू नकोस. सगळा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणेल आणि विचार कोणीच करणार नाही. खरी गोष्ट तिसऱ्या प्रश्नात आहे. कोणीतरी म्हणेलच, “डबा तर दिला ना!” लगेच चूक म्हणू नकोस. “समीर झाकण उघडेल तेव्हा काय होईल?” एवढंच विचार आणि थांब. ‘तुमच्यापैकी कोणी असं केलंय?’ हे मात्र वर्गासमोर कधीच विचारू नकोस. तिथे मूल लपवायलाच शिकतं.

चार दिवसांनी कोणी येऊन म्हणेल, “बाई, ही पेन्सिल मी घेतली होती.” त्या वेळी तुझ्या तोंडून गोष्टीतल्या बाईंचंच वाक्य यायला हवं. तू रागावलीस, तर मुलं गोष्ट विसरतील आणि तो राग लक्षात ठेवतील.

तुझा,
मामा