छापील मजकुरातील संकेतस्थळाचा पत्ता : अक्षररचना आणि तपासणी

शासकीय माहितीपत्रके, शालेय पाठ्यपुस्तके व ग्रामपंचायतीच्या फलकांवरील सूचना यांत आता संकेतस्थळाचा पत्ता छापण्याची पद्धत रूढ झाली आहे. पडद्यावर दिसणाऱ्या पत्त्यावर बोट ठेवले की ते पान उघडते. कागदावरील पत्ता मात्र वाचकाला एकेक अक्षर पाहून टंकित करावा लागतो. त्यात एक अक्षर जरी चुकले तरी काम अडते. टपालाच्या पत्त्यात गावाचे नाव थोडे अशुद्ध असले तरी पोस्टमन ते जाणून घेतो, परंतु संगणक तसे काही जाणून घेत नाही. सबब हा पत्ता कसा छापावा, याचा विचार बेळगाव–निपाणी भागातील एका नित्याच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात केला आहे.

एक शब्द, दोन वर्णलेखने

निपाणी परिसरातील काही कुटुंबांची शेतजमीन सीमेच्या दोन्ही बाजूंस असते. अशा शेतकऱ्यास कर्नाटकातील जमिनीची पहाणी, म्हणजेच आर.टी.सी. उतारा, आणि कागल तालुक्यातील जमिनीचा सातबारा असे दोन्ही उतारे पाहावे लागतात. त्यासाठी दोन निरनिराळी संकेतस्थळे आहेत.

```
landrecords.karnataka.gov.in
bhulekh.mahabhumi.gov.in
```

हे पत्ते जो केवळ ऐकून टंकित करील त्याची गफलत कोठे होईल, ते पाहू. मराठी माणूस आपल्या शेजारच्या राज्याचे नाव ‘कर्नाटक’ असे उच्चारतो. शेवटचा ‘क’ तो पूर्ण उच्चारीत नाही, त्यामुळे `karnatak` लिहून तो थांबतो. पत्त्यात मात्र शेवटी `a` आहे. ‘भूमी’ या शब्दाची गोष्ट याहून मौजेची आहे. कर्नाटकाच्या भूमिलेख प्रकल्पाचे नाव रोमन लिपीत `Bhoomi` असे लिहितात, तर महाराष्ट्राच्या पत्त्यात तोच शब्द `bhumi` असा येतो. ज्याच्या डोळ्यांना पहिल्या नावाची सवय आहे, तो दुसऱ्या पत्त्यातही दोन `o` घालणार, हे उघड आहे.

गावांच्या नावांचेही असेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत इंग्रजी लेखन `Belagavi` असे झाले. तत्पूर्वी ते `Belgaum` होते आणि जुन्या कागदांवर आजही तसेच आढळते. मराठी उच्चाराप्रमाणे लिहू जाता `Belgaon` होते. जिल्ह्याच्या संकेतस्थळाचा पत्ता `belagavi.nic.in` असा आहे, म्हणजे यांपैकी एकच लेखन चालते. निपाणीच्या नावातही `p` हे अक्षर कोठे एकदा, तर कोठे दोनदा लिहिलेले दिसते.

यावरून पहिला नियम निघतो. “जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पाहावे” एवढेच छापून भागत नाही, आणि पत्ता केवळ देवनागरीत लिहूनही भागत नाही. ‘बेळगावी डॉट एनआयसी डॉट इन’ हे वाक्य वाचून दाखविण्यास सोयीचे आहे, परंतु त्यातील ‘ळ’साठी कोणते अक्षर घ्यावे आणि ‘गा’मध्ये `a` किती, हे त्यावरून कळत नाही. रोमन अक्षरांतील पत्ता मुख्य समजावा. देवनागरी उच्चार हवा असल्यास तो खालच्या ओळीत लहान टाइपात द्यावा.

शक्य असेल तेथे लहान पत्ता निवडणे सर्वांत चांगले. बेळगाव येथील विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे नाव रोमन लिपीत लिहिताना सुशिक्षित मनुष्यही अडखळतो. परंतु त्याचा पत्ता `vtu.ac.in` एवढाच असल्याने ती अडचण उद्भवतच नाही.

मराठी वाक्यात पत्ता कसा बसवावा

मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतो. त्यामुळे “अर्ज `belagavi.nic.in`वर पाहावा” असे छापले जाते आणि पत्ता कोठे संपला, याविषयी वाचक साशंक होतो. दुसरी अडचण पूर्णविरामाची आहे. मराठीचा पूर्णविराम आणि पत्त्यातील टिंब यांचे चिन्ह एकच आहे. वाक्याच्या शेवटी पत्ता आला की त्यापुढील टिंब पत्त्याचा भाग समजले जाते. नुसत्या संकेतस्थळाच्या नावापुढे असे टिंब पडले तर सहसा बिघडत नाही. पण पत्त्यात तिरकी रेषा असून तिच्यापुढे एखाद्या पानाचे नाव असेल, तर त्या जादा टिंबामुळे पान सापडत नाही.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. वाक्य “पुढील पत्त्यावर उतारा पाहता येईल :” असे पूर्ण करावे आणि पत्ता स्वतंत्र ओळीत, कोणतेही विरामचिन्ह अथवा कंस न लावता छापावा. प्रत्यय ‘पत्ता’ या शब्दाला लागतो आणि पत्ता स्वतः मोकळा राहतो.

पत्त्याखाली रेघ मारू नये. काही पत्त्यांत दोन शब्दांमध्ये खालची आडवी रेघ हेच एक चिन्ह असते. पत्ता अधोरेखित केला की ते चिन्ह त्या रेघेत बुडून जाते आणि वाचकाला तेथे मोकळी जागा दिसते.

स्तंभाची रुंदी आणि ओळ तोडणे

दुमडपत्रिकेत स्तंभ अरुंद असतात. आपल्या उदाहरणातील कर्नाटकाच्या पत्त्यात टिंबे धरून २८ अक्षरे आहेत. ज्या टाइपात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते, त्यात दर अक्षरास टाइपाच्या मापाच्या सहा-दशांश जागा लागते असे धरू. १० पॉइंटच्या टाइपात एका अक्षरास ६ पॉइंट, म्हणून पूर्ण पत्त्यास १६८ पॉइंट, म्हणजे सुमारे ५.९ सेंटिमीटर जागा लागेल. ६.५ सेंटिमीटरच्या स्तंभात तो एका ओळीत बसतो. तोच पत्ता ठसठशीत दिसावा म्हणून १२ पॉइंटमध्ये घेतला तर ७.१ सेंटिमीटर लागतात आणि ओळ तुटते. म्हणून टाइपाचे माप पत्त्याची लांबी पाहूनच ठरवावे.

ओळ तुटणे अपरिहार्यच असेल तर ती कोठे तोडावी, हे जुळणी करणाऱ्यावर किंवा संगणकावर सोपवू नये. जुळणीचा संगणक शब्द तोडताना आपल्या नियमाप्रमाणे मध्ये संयोगचिन्ह घालतो आणि वाचक ते चिन्ह पत्त्यातलेच समजून टंकित करतो. पत्ता टिंबाच्या किंवा तिरक्या रेषेच्या आधी तोडावा आणि ते चिन्ह दुसऱ्या ओळीच्या आरंभी घ्यावे :

```
landrecords
.karnataka.gov.in
```

ओळ टिंबाने सुरू झालेली पाहून हा वरच्या ओळीचाच पुढील भाग आहे, हे वाचकाच्या ध्यानात येते. टिंब वरच्या ओळीच्या अखेरीस ठेवले असते तर तेथे वाक्य संपल्याचा भास झाला असता.

टाइपाची निवड आणि जुळणीतील धोका

काही टाइपांत लहान `l`, मोठा `I` आणि अंक `1` हे जवळजवळ सारखे दिसतात. शून्य आणि `O` यांचेही तसेच. `r` आणि `n` चिकटले की `m` वाटतो. म्हणून पत्त्यासाठी टाइप निवडताना ही अक्षरे शेजारी शेजारी छापून पाहावीत. संकेतस्थळाच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो. त्यामुळे भ्रमणध्वनीने पहिले अक्षर आपोआप मोठे केले तरी काळजी नाही. पहिल्या तिरक्या रेषेनंतरच्या भागात मात्र हा भेद पुष्कळदा पाळला जातो, म्हणून तो भाग जसाच्या तसा छापला पाहिजे. पत्त्यात अंक असल्यास ते इंग्रजी अंकच हवेत, देवनागरी १, २, ३ तेथे चालत नाहीत.

काही मुद्रणालयांत अद्याप जुन्या पद्धतीचे मराठी टाइप वापरले जातात. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. शेवटच्या क्षणी संपूर्ण मजकुराचा टाइप एकदम बदलला की पत्त्यातील रोमन अक्षरांच्या जागी निरर्थक काना-मात्रा व अर्धी अक्षरे उमटतात. मराठी मजकूर नीट दिसत असल्याने ही चूक नजरेतून निसटते. याकरिता टाइपातील शेवटचा बदल झाल्यानंतर पत्त्यांची ओळ स्वतंत्रपणे तपासावी. मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही आवृत्त्या निघत असतील तर पत्ता प्रत्येकीत नव्याने टंकित न करता तपासलेल्या एकाच प्रतीवरून घ्यावा.

२०१४ सालापासून `.भारत` या अखेरीचे देवनागरी पत्तेही मिळू लागले आहेत. त्यांत इंग्रजी वर्णलेखनाचा प्रश्न मिटतो, पण शुद्धलेखनाचा उरतो. जुन्या वळणाचा मनुष्य ‘बेळगांव’ असा अनुस्वार देईल, नव्या वळणाचा देणार नाही, आणि संगणकाच्या लेखी ही दोन निराळी नावे आहेत.

तपासणी कशी करावी

मुद्रिते वाचून पत्ता तपासला जात नाही, तो टंकित करूनच तपासला जातो. अखेरचे मुद्रित कागदावर घ्यावे. ज्यांनी मजकूर लिहिलेला नाही अशा तिघांच्या हाती ते द्यावे, त्यांपैकी एक तरी इंग्रजीचा सराव नसलेला असावा. त्यांनी कागद पाहून आपल्या भ्रमणध्वनीवर पत्ता टंकित करावा आणि आपण काही न सुचविता पाहत राहावे. तिघांपैकी दोघे एकाच अक्षराशी थबकले तर दोष मांडणीत आहे असे समजावे.

अपयश आले तर पडद्यावरील संदेशावरून कारण ओळखता येते. संकेतस्थळच सापडत नाही असा संदेश आल्यास चूक बहुधा पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीच्या भागात असते. संकेतस्थळ उघडले पण ‘पान सापडले नाही’ असे आले, तर चूक त्या रेषेनंतरच्या भागात आहे किंवा ते पान तेथून हलविले आहे. संदेशाऐवजी शोधफलांची यादी आली, तर पत्ता म्हणून लिहिलेला मजकूर शोधशब्द समजला गेला आहे. मध्ये एखादी मोकळी जागा पडली तरी असे होते. हा तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे, कारण त्या यादीत उताऱ्यासाठी पैसे मागणारी खाजगी स्थळेही असू शकतात. म्हणून पत्त्याखाली “पत्त्याचा शेवट `.gov.in` असाच असल्याची खात्री करावी” ही एक ओळ छापावी. ही अखेर शासकीय संस्थांसाठी राखून ठेवलेली आहे. `gov` च्या आधी टिंबाऐवजी संयोगचिन्ह असेल तर तो पत्ता शासकीय नव्हे.

आतील पानांचे लांब पत्ते वरचेवर बदलतात, मुखपृष्ठाचा पत्ता त्या मानाने टिकतो. पाठ्यपुस्तक कित्येक वर्षे वापरात राहत असल्याने त्यात मुखपृष्ठाचाच पत्ता द्यावा. पुढील मार्ग शब्दांत सांगावा, जसे जिल्हा, तालुका, होबळी, गाव व सर्व्हे क्रमांक क्रमाने निवडावेत. शेजारी संकेतचौकट छापली तरी पत्त्याची ओळ गाळू नये. चौकट वाचण्यास कॅमेरा लागतो आणि छायाप्रत काढताना ती पुसट झाली की वाचली जात नाही. ठळक अक्षरांतील पत्ता पुसट प्रतीवरूनही लावता येतो. अखेरीस पत्ता कोणत्या महिन्यात तपासला ते छापावे, म्हणजे पुढील आवृत्तीच्या वेळी तो पुन्हा टंकित करून पाहण्याची आठवण राहील.