कृषि-सेवा केंद्राच्या बिलातील कराची तपासणी

बियाणे, खत व कीटकनाशक ही एकाच दुकानातून घेतली, तरी तिन्हींवरील वस्तू व सेवा कर सारखा नसतो. हा कर, म्हणजेच जीएसटी, १ जुलै २०१७ पासून अंमलात आला. बिलातील बेरीज बरोबर असूनही कराचा दर चुकीचा असू शकतो. म्हणून बिल पुढील क्रमाने तपासावे.

प्रथम दुकानदाराचा नोंदणी क्रमांक पाहावा. तो पंधरा अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातील क्रमांकाचा आरंभ २७ ने होतो आणि त्यापुढील दहा अक्षरे दुकानाच्या मालकाचा पॅन क्रमांक असतात. gst.gov.in या संकेतस्थळावर Search Taxpayer येथे तो क्रमांक घातला असता नाव व नोंदणीची स्थिती दिसते. नोंदणी रद्द झालेली असल्यास, अथवा तेथे Composition असा प्रकार दिसल्यास, त्या दुकानदारास ग्राहकाकडून कर वेगळा आकारता येत नाही.

नंतर कराची विभागणी पाहावी. राज्यातील दुकानात खरेदी केल्यास कराचा निम्मा भाग सीजीएसटी व निम्मा एसजीएसटी असतो. दोन्ही रकमा समान असल्या पाहिजेत. परराज्यातील व्यापाऱ्याने माल महाराष्ट्रात पाठविला, तर मात्र आयजीएसटी हा एकच रकाना भरलेला असतो.

शेवटी प्रत्येक मालाचा दर पाहावा. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही. रासायनिक खतांवर ५ टक्के व रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के कर आहे. ट्रायकोडर्मा, निंबोळीयुक्त औषधे अशा ठराविक जैविक कीटकनाशकांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे.

उदाहरणार्थ, एका शेतकऱ्याने कराव्यतिरिक्त १,२०० रुपयांचे बियाणे, १,००० रुपयांचे खत व १,००० रुपयांचे रासायनिक कीटकनाशक घेतले. दुकानदाराने एकंदर ३,२०० रुपयांवर सरसकट १८ टक्के, म्हणजे ५७६ रुपये कर लावला. सीजीएसटी २८८ व एसजीएसटी २८८ अशी विभागणी असल्याने बिल निर्दोष भासले. परंतु बियाण्यावर शून्य, खतावर ५० व कीटकनाशकावर १८० असा एकूण २३० रुपयेच कर होतो. म्हणजे ३४६ रुपये जास्त घेतले गेले.

वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर आणखी कर लावल्यास ती आकारणी बेकायदेशीर होय. अशी चूक आढळल्यास मूळ बिल व रिकामे वेष्टन जपून ठेवून दुरुस्त बिल मागावे. दुकानदाराने नकार दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.