राजीनाम्यात कारण एका ओळीत, हिशेब मात्र पूर्ण

प्रश्न : नंदुरबारच्या एका हॉटेलात मी तीन वर्षं बँक्वेट कॅप्टन आहे. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला जायचंय. राजीनामा कसा लिहू? – एक वाचक, शहादा

उत्तर : आधी नेमणूकपत्र काढा आणि नोटिशीची मुदत पाहा. ती तीस दिवसांची असेल आणि तुम्ही 1 जूनला पत्र दिलंत, तर शेवटचा दिवस 30 जून, असं तारखेनिशी लिहा. ‘लवकरच सोडतो आहे’ असं लिहिलं की पुढे पगारावरून वाद होतो.

कारणाला एक ओळ पुरे : ‘हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवी अभ्यासक्रमासाठी मी राजीनामा देत आहे.’ तक्रारी पत्रात नकोत.

खरं वजन कामाच्या सुपुर्दीला आहे. कॅप्टनच्या डोक्यात बरंच काही असतं, ते कागदावर उतरवा. समजा, 12 जुलैला साडेतीनशे पानांचं लग्न बुक आहे. मेनू, कबूल केलेली पानं, वाढपी किती आणि यजमानांनी तोंडी सांगितलेले बदल लिहून द्या. ‘जैन पंगत वेगळी’ हे तोंडीच राहिलं, तर त्या दिवशी नवा कॅप्टन अडचणीत येतो. प्लेटा, चमचे, चेफिंग डिश नव्या माणसासमोर मोजा, फुटतूट नोंदवा, दोघांच्या सह्या घ्या. नंतर भांडी कमी भरली, तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

शेवटी उरलेला पगार आणि अनुभवाचा दाखला मागा. दाखल्यात ‘बँक्वेट कॅप्टन’ हे पद आणि तारखा हव्यात. पत्राच्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.