भाडेकरार: नोंदणीचा खर्च किती आणि घरमालकाला काय विचारायचं?

नांदेड किंवा लातूरहून पुण्यात नोकरीला आलेल्या माणसाला घर पसंत पडलं, की घरमालकाकडून बहुधा हे वाक्य ऐकू येतं: “अकरा महिन्यांचंच तर आहे, नोटरी करून टाकू.” हे ऐकून मान डोलावू नका. भाडेपट्टा वर्षाच्या आतला असेल तर नोंदणी लागत नाही, हा नियम केंद्राच्या नोंदणी कायद्यातला आहे. महाराष्ट्रात त्यावर भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर घरमालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

हे कलम तोंडावर फेकायची गरज नाही. “काका, मला ऑफिसात घरभाडं दाखवायला आणि बँकेला पत्ता द्यायला रजिस्टर्ड ॲग्रीमेंटच लागेल. खर्च कसा वाटून घ्यायचा ते सांगा,” एवढं पुरतं. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत सर्रास आहे, पण टोकन देण्याआधीच ठरवा.

आता आकडा. समजा, वाकडमधला फ्लॅट आहे, भाडं 16,000, अनामत 80,000, मुदत 24 महिने. मुद्रांक शुल्क काढताना सगळ्या मुदतीचं भाडं धरतात, म्हणजे 3,84,000. त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के दराने व्याज धरून मिळवतात. दोन वर्षांचे ते 16,000. बेरीज झाली चार लाख. तिच्यावर 0.25 टक्के, म्हणजे 1,000 रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी आणखी 1,000. सरकारी खर्च दोन हजार आणि वर किरकोळ दस्त हाताळणी शुल्क. दुसऱ्या वर्षी भाडं वाढणार असेल, तर वाढीव रक्कम धरून हिशेब करायचा.

अकरा महिन्यांचा करार केला, तर ही नोंदणी फी पुढच्या वेळी पुन्हा भरावी लागते. म्हणून राहायचं नक्की असेल तर मोठी मुदत बरी. तेवढ्याने तुम्ही अडकत नाही, फक्त एक महिन्याची नोटीस देऊन घर सोडण्याची अट लिहून घ्या आणि लॉक-इन किती महिन्यांचा आहे ते वाचा.

काही घरमालक “अनामत वीसच हजार दाखवू, स्टॅम्प ड्युटी वाचेल,” असं सुचवतात. वर दिलेल्या हिशेबात त्याने वाचतात बरोबर तीस रुपये. तुमच्या उरलेल्या साठ हजारांचा मात्र करारात पुरावा राहत नाही. भाडं कमी दाखवायला सांगण्यामागेही मुद्रांक शुल्कापेक्षा प्राप्तिकराची चिंता अधिक असते. ती त्यांची, तुमची नव्हे. पूर्ण अनामत करारात लिहा आणि बँकेतूनच द्या.

नोंदणी घरबसल्या होते. एजंट थंब मशीन आणि वेबकॅम घेऊन येतो, आधारवरून दोन्ही पक्षांची ओळख पटवली जाते. त्याचं मानधन सरकारी खर्चाहून वेगळं असतं, म्हणून “एकूण किती?” असं न विचारता सरकारी चलनाची रक्कम आणि त्याची फी वेगवेगळी विचारा. वयस्कर घरमालकांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा जुळत नाहीत. दुसरं बोट लावूनही जमलं नाही, तर दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यायचा असतो. त्यानंतर दंड लागतो. नोंदणी झाल्याची खूण म्हणजे दस्त क्रमांक असलेला इंडेक्स-2. नुसता नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

पोलीस व्हेरिफिकेशन हे निराळं काम. करार नोंदवला म्हणजे ते आपोआप झालं, असं धरू नका. पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात आणि त्यानुसार भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं घरमालकाचं काम असतं. पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ठाण्यात ती देता येते. फोटो, आधार, कराराची प्रत, नोकरीचं ठिकाण आणि ओळखीच्या माणसांचे क्रमांक तयार ठेवा. माहिती देण्याला सरकारी फी नाही. एजंटने यासाठी पैसे मागितले, तर ती त्याची मजुरी आहे. हवी तर द्या, नाहीतर घरमालकाशेजारी बसून फॉर्म स्वतः भरा. पोचपावतीची प्रत मात्र स्वतःकडे ठेवाच, कारण सामानाचा टेम्पो गेटवर थांबवून सोसायटीचा वॉचमन ती तुमच्याकडेच मागतो.