व्याख्यांच्या कलमापासून सुरुवात

सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा बहुतेक वेळा बिल्डरच्या वकिलाकडून येतो. सोसायटीच्या बाजूने तो तपासून देणं हे माझं काम. कमिटी आधी जागा किती, भाडं किती, कॉर्पस किती एवढंच बघते. मी व्याख्यांच्या कलमापासून सुरुवात करतो, कारण या आकड्यांचा अर्थ तिथेच ठरलेला असतो.

१. व्याख्या केलेला शब्द पुढे शेवटपर्यंत तोच राहिलाय का, ते बघा.

एका मसुद्यात व्याख्या होती ‘चटई क्षेत्र’ या शब्दाची, आणि ती २०१६ च्या रेरा कायद्यातली होती. म्हणजे बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि स्वतःची गच्ची वगळायची. घराच्या आतल्या भिंती मात्र मोजायच्या. व्याख्या चोख. पण जागेच्या कलमात ‘विद्यमान क्षेत्रावर ३५ टक्के जादा’ असं होतं आणि परिशिष्टातल्या तक्त्यात ‘वापरयोग्य क्षेत्र’. या दोन्ही शब्दांची व्याख्या कुठेच नव्हती.

हिशेब करून पाहू. जुन्या करारात एका सभासदाचं घर ४५० चौरस फुटांचं, त्यात ४० फूट बाल्कनी धरलेली. अशी मोजणी जुन्या करारांत सर्रास दिसते. ‘विद्यमान क्षेत्र’ म्हणजे हे ४५० धरलं, तर नवं घर ६०७.५ फुटांचं. बाल्कनी वजा करून ४१० धरलं, तर ५५३.५. फरक ५४ फुटांचा, म्हणजे सहा बाय नऊची एक खोली. बरं, वरचा आकडा मिळाला तरी त्यात नवी बाल्कनी धरलीय की नाही, हा प्रश्न उरतोच. शिवाय जुनी मोजणी भिंत ते भिंत केलेली असेल, तर नव्या आकड्यात आतल्या भिंतींची जाडी मोजली जाते आणि पायाखालची फरशी तेवढी कमी भरते.

यात लबाडीच असते असं नाही. तक्ता आर्किटेक्टने केलेला असतो, कलमं वकिलाने लिहिलेली, आणि काही पानं आधीच्या प्रकल्पाच्या फाइलीतून उचललेली. उपाय कंटाळवाणा आहे: ‘विद्यमान चटई क्षेत्र’ आणि ‘नवीन चटई क्षेत्र’ अशा दोन वेगळ्या व्याख्या करायच्या, प्रत्येक सभासदाचा मोजलेला आकडा तक्त्यात घालायचा, बाल्कनीला स्वतंत्र रकाना द्यायचा आणि तिसरा कुठलाही शब्द दिसला की खोडायचा.

२. मराठी मसुद्यात शोधाशोध वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

इंग्रजीत व्याख्या केलेला शब्द मोठ्या लिपीतल्या पहिल्या अक्षरामुळे ओळखू येतो. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून असे शब्द सगळीकडे ठळक टाइपात ठेवायचा आग्रह धरावा. फाइलीत ‘सदनिका’ असं शोधलं तर ‘सदनिकेचा’ सुटतो. ‘सदनिक’ एवढंच टाइप करावं. ‘ताबा’ऐवजी ‘ताब’ टाकलं की ‘ताब्यात’सुद्धा सापडतो. मग ‘घर’, ‘फ्लॅट’, ‘गाळा’, ‘जागा’ हेही शोधायचे, कारण खरी गफलत या भावंडांतच असते. शाळेत एकच शब्द पुन्हा वापरला की गुण कापायचे. ती सवय इथे घातक ठरते.

३. व्याख्येच्या पोटात अट दडलेली असेल, तर ती बाहेर काढा.

भाड्याच्या कलमात ‘सभासदांना ताबा मिळेपर्यंत भाडे देण्यात येईल’ असं स्वच्छ वाक्य असतं. सभासद खूश. व्याख्यांकडे वळावं, तर तिथे ‘ताबा’ म्हणजे ‘विकासकाने ताबा घेण्याविषयी पत्र दिल्यापासून १५ दिवस संपल्याचा दिनांक’. त्यात भोगवटा प्रमाणपत्राचा उल्लेखच नाही. म्हणजे लिफ्ट चालू नसलेल्या, महापालिकेने राहायला परवानगी न दिलेल्या इमारतीचं पत्र हातात पडलं, तरी पंधरवड्याने भाडं बंद. अशा ठिकाणी व्याख्या एवढीच ठेवावी: भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सदनिकेची किल्ली प्रत्यक्ष हाती देणे. पत्र कधी द्यायचं, सभासदाने किल्ली घ्यायला उशीर केला तर काय, हे वेगळ्या कलमात उघडपणे लिहावं. तिथे त्यावर घासाघीस करता येते. व्याख्यांच्या पानावर ती कोणी करत नाही.

४. सभासदाचा स्वतंत्र करारही तपासा.

सोसायटीचा विकास करार झाल्यावर प्रत्येक सभासदाशी पर्यायी जागेचा वेगळा करार होतो. तो पुष्कळदा नंतर, दुसऱ्याच कोणीतरी, तयार साच्यावरून केलेला असतो आणि त्यात व्याख्यांचं नवं कलम असतं. सोसायटीने महिनोन्‌महिने भांडून बदलून घेतलेला ‘ताबा’ तिथे जुन्याच रूपात परत आलेला असतो, आणि सभासद त्यावर नोंदणी कार्यालयात घाईघाईत सही करतो. म्हणून या कराराचा नमुना विकास करारालाच परिशिष्ट म्हणून जोडून घ्यावा. ‘विकास करारातील व्याख्या येथे लागू राहतील व तफावत आढळल्यास विकास करार ग्राह्य धरला जाईल’ हे वाक्य त्यात पहिल्याच पानावर असावं. मुदतवाढीचा पुरवणी करार करायची वेळ आली, तर त्यातही हेच वाक्य घालायचं.